सेकंडहँड डीएसएलआर घेताय? पैसे देण्याआधी हे तपासून बघा

जुना कॅमेरा विकत घेऊन लोक थोड्याच दिवसांत दुरुस्तीला आणतात, तेव्हा तक्रारी ठरलेल्या असतात.

- आकाशाच्या किंवा पांढऱ्या भिंतीच्या फोटोत काळपट ठिपके दिसतात, आणि प्रत्येक फोटोत ते त्याच जागी असतात.
- समोरून उजेड आला की फोटो दुधाळ होतो. रंग फिके, काळा भाग राखाडी.
- घरात फोटो नीट येतात, पण बाहेर उन्हात वरचा किंवा खालचा पट्टा काळा येतो.
- दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा चांगला चालतो, मग स्क्रीनवर `Err` येतं किंवा तो आपोआप बंद पडतो.
- फोकसचा ठिपका डोळ्यावर ठेवला तरी शार्प येतो तो कान.

यातलं काहीही नव्या मालकाकडे आल्यावर सुरू झालेलं नसतं. कॅमेरा हातात घेतला त्या दिवशीही ते तिथेच होतं, फक्त बघितलं गेलं नाही. म्हणून तपासणीचा क्रम देतोय. घरबसल्या आणि फुकट होणारी तपासणी आधी, वेळ आणि सामान लागणारी नंतर. कुठल्याही टप्प्यावर मोठा दोष सापडला तर पुढची तपासणी करायची गरज उरत नाही. मी इथे डीएसएलआर धरून लिहितोय, कारण सध्या जुन्या बाजारात हात घालता येईल अशा किमतीत तेच जास्त मिळतात. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्याला जिथे वेगळं करायचं तिथे तसं सांगितलंय.

सोबत न्या: आपलं रिकामं कार्ड, लहान पण प्रखर एलईडी टॉर्च, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, आणि जमलं तर लॅपटॉप. जायचं दिवसा. रात्री ट्यूबलाइटखाली कॅमेरा तपासू नका, त्याचं कारण शटरच्या भागात येईल.

१. जाण्याआधी: एक मूळ फाइल मागवा

विकणाऱ्याला सांगा, "आजच मारलेला एक फोटो पाठवा, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं आणि त्याच्या आतली सगळी माहिती पुसून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी येते. फोटो एडिट केलेला नको, थेट कार्डावरचा जेपेग हवा.

निकॉनच्या डीएसएलआरमध्ये शटर किती वेळा उडालं तो आकडा प्रत्येक फोटोत लिहिलेला असतो. कॉम्प्युटरवर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम टाकला की असा वाचता येतो:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount -DateTimeOriginal DSC_4127.JPG
```

यात सीरियल नंबरही येतो. तो लिहून ठेवा आणि प्रत्यक्ष कॅमेरा बघाल तेव्हा बॉडीवरच्या नंबराशी जुळवा. तो तळाला असतो, काही मॉडेलमध्ये वळणाऱ्या स्क्रीनच्या मागे. दोन नंबर वेगळे निघाले तर फाइल दुसऱ्याच कॅमेऱ्याची आहे. बिल असेल तर त्यावरचा नंबरही हाच हवा. बिलावरचा नंबर जुळत नसेल किंवा बॉडीवरचा खरवडलेला असेल तर तिथेच थांबा, कॅमेरा कितीही स्वस्त असो.

कॅननच्या बहुतेक बॉडी हा आकडा फोटोत लिहीत नाहीत. तिथे कॅमेरा यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोग्रॅममधून तो वाचावा लागतो, म्हणजे प्रत्यक्ष भेटीतच. सोनीच्या बऱ्याच मॉडेलचा आकडा एक्झिफटूल वाचतो, पण काहींमध्ये तो ६५,५३६ झाल्यावर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्यामुळे खूप वापरलेल्या सोनीचा लहान आकडा पाहून हुरळून जाऊ नका.

फाइलच्या नावातला नंबर म्हणजे शटर काउंट नव्हे. हा गैरसमज इतका पसरलाय की विकणाऱ्याचा स्वतःचाही त्यावर खरोखर विश्वास असतो. मागे ओळखीतल्या एका मुलासाठी कॅमेरा बघायला गेलो होतो. फुलफ्रेम डीएसएलआर आणि सोबत ५० एमएमची लेन्स. विकणारे गृहस्थ म्हणाले, "दादा, घरातल्या घरातच वापरलाय. हे बघा, नंबर आत्ता कुठे चार हजारांवर आलाय." फाइलचं नाव होतं DSC_4127. एक्झिफटूलने दाखवलं ६४,१५८.

हिशोब सोपा आहे. नावातला नंबर ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. असे सहा फेरे झाले तर ५९,९९४ फोटो, त्यात हे ४,१२७ मिळवले की ६४,१२१. वरचे उरलेले थोडे क्लिक कारखान्यातल्या चाचणीचे किंवा कार्ड नसताना दाबलेले. आकडा इतका नेमका बसला म्हणजे मधे कुणी नंबर रीसेट केलेला नव्हता, गृहस्थ खोटं बोलत नव्हते. त्यांना फेऱ्यांचं माहीतच नव्हतं.

आता चौसष्ट हजार म्हणजे जास्त का? ते मॉडेलवर अवलंबून आहे. निकॉन डी७५० आणि कॅनन ५डी मार्क ३ यांची शटर कंपनीने दीड लाख उघडझापांपर्यंत तपासलेली आहेत, कॅनन ६डीचं एक लाख, ७डी मार्क २ चं दोन लाख. हा आकडा म्हणजे हमी नाही आणि शेवटची तारीखही नाही. त्याच्या दुप्पट चाललेली शटरं मी पाहिली आहेत आणि निम्म्यावर गेलेलीही. माझा स्वतःचा ठोकताळा असा: निम्म्याच्या आत असेल तर आकड्यावरून किमतीत घासाघीस करू नका. निम्म्याच्या पुढे असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून दोन गोष्टी विचारा. शटर युनिट बदलायला मजुरीसकट किती, आणि पार्ट अजून मिळतो का? जुन्या मॉडेलचे पार्ट संपत जातात, त्यामुळे दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पार्टच नसेल तर तो कॅमेरा शटर आहे तोवरचा.

आणि एक. शटर काउंट कमी म्हणजे वापर कमी असं समजू नका. व्हिडिओ चालू असताना शटर उघडं राहतं आणि आकडा वाढत नाही. तासन्‌तास व्हिडिओ काढलेल्या कॅमेऱ्याचा काउंट दहा हजारही असू शकतो, पण सेन्सर भरपूर तापलेला असतो आणि बटणं, पोर्ट, माइकचा सॉकेट झिजलेले असतात.

२. हातात आल्यावर: बाहेरून काय कळतं

बॉडीवरचे ओरखडे बघण्यात वेळ घालवू नका. ओरखडा दिसतो म्हणून तो किमतीत आधीच धरलेला असतो. स्क्रू बघा. तळाचे आणि बाजूचे सगळे स्क्रू एकसारखे आहेत का? एखादा वेगळ्या रंगाचा, एखादा गायब, एखाद्याच्या खाचा घासलेल्या दिसल्या तर कॅमेरा आधी कुणीतरी उघडलाय. उघडला म्हणजे वाईटच असं नाही, पण का उघडला ते विचारा आणि दुरुस्तीचं बिल मागा.

मग पाण्याच्या खुणा शोधा. बॅटरीचं झाकण उघडून आतल्या पितळी पट्ट्यांवर टॉर्च मारा. यूएसबीवरचं रबरी झाकण उचला. फ्लॅश बसवायच्या पट्टीखाली आणि ट्रायपॉडच्या भोकात बघा. हिरवट किंवा पांढरी पावडर, स्क्रूच्या डोक्याभोवती गंजाचं वर्तुळ, हे दिसलं तर कॅमेरा भिजलाय किंवा समुद्रावर भरपूर वापरलाय. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २०२१ चा चिपळूणचा, अशा पाण्यात बुडालेलं यंत्र वाळवून चालू होतंही. काही महिने चालतंही. पण आतल्या बोर्डावर गंज चालूच राहतो आणि एक दिवस कुठलंच कारण न दिसता कॅमेरा मरतो. भिजलेला कॅमेरा मी कुणालाच घ्या म्हणत नाही, अर्ध्या किमतीत मिळाला तरी.

निकॉनच्या ज्या मॉडेलना ईएन-ईएल१५ ही बॅटरी लागते, त्यांच्या मेनूत `Battery info` असतं. तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे बदलायला झाली. कॅननच्या वरच्या मॉडेलमध्येही बॅटरीची स्थिती हिरव्या-लाल चौकोनांत दिसते. माहितीच येत नसेल तर बॅटरी बहुधा नकली आहे. याने सौदा मोडत नाही, पण नव्या बॅटरीची किंमत वजा करून घ्या.

३. लेन्स: फंगस कसा ओळखायचा

आपल्याकडे सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की काचेवर बुरशी वाढते, आणि मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा रोजच त्याहून दमट असते. चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत घालून कपाटात ठेवलेल्या लेन्सला एकच पावसाळा पुरतो. लेन्स पुढून पुसलेली, लखलखीत असते. फंगस आत असतो.

लेन्स बॉडीवरून काढा. मागचं-पुढचं दोन्ही झाकणं काढा. टॉर्च लेन्सच्या मागून, थोडी तिरकी धरा आणि पुढून बघा. सरळ आरपार पाहिलं तर टॉर्चच्या उजेडाने डोळे दिपतात आणि काही दिसत नाही. तिरक्या उजेडात काचेवरचं जे काही असेल ते चमकतं. मग लेन्स उलटी करून तसंच मागून बघा. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मधे, फोकसची रिंग फिरवत. वेगवेगळ्या काचा पुढे-मागे होतात तशी एकेक नजरेखाली येते.

हे करताना लेन्समधलं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं हवं. कॅननची ईएफ लेन्स काढल्यावर उघडीच राहते. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर काढल्यावर मिटतं, तेव्हा मागच्या बाजूची छोटी धातूची कडी बोटाने हळूच सरकवून धरा. ती सोडली की पाती झटकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटत असतील तर पात्यांवर तेल आलंय, आणि तेच तेल कालांतराने काचेवर धुक्यासारखं बसतं.

आत काय काय दिसू शकतं ते सांगतो. सुटे बारीक कण म्हणजे धूळ. प्रत्येक जुन्या लेन्समध्ये ती असते, फोटोत दिसत नाही, सोडून द्या. फंगसला फांद्या असतात. एका बिंदूपासून निघून दुभंगत गेलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, बहुतेक वेळा काचेच्या कडेकडून सुरू झालेले. सगळ्या काचेवर एकसारखा पांढुरका पापुद्रा दिसला तर ते तेलाचं किंवा ग्रीसचं धुकं. कडेला साबणाच्या फुग्यासारखे रंग दिसले तर दोन काचा जोडणारा डिंक सुटलाय, आणि ते दुरुस्त करायच्या फंदात पडण्यासारखं नाही.

फंगस दिसला तर फोटोत काय फरक पडतो? सुरुवातीला काहीच नाही, आणि विकणारा तेच दाखवतो, "बघा की, फोटो किती शार्प येतोय." त्याचं म्हणणं खरं असतं. कडेच्या दोन-चार धाग्यांनी फोटो बिघडत नाही. त्यावर विसंबू नका, खिडकीकडे तोंड करून, उजेड फ्रेमच्या कडेला ठेवून फोटो काढा. तिथे दुधाळपणा आला तर फंगस किंवा धुकं काम करायला लागलंय. आणि आज फरक नसला तरी बुरशी वाढते. वाढताना ती जे आम्ल सोडते त्याने काचेवरचं कोटिंग खाल्लं जातं. मग लेन्स उघडून पुसली, जाळं गेलं, तरी जाळ्याच्या आकाराचे डाग काचेत कोरलेले राहतात. ते कुणालाही काढता येत नाहीत. लेन्स उघडेपर्यंत कोटिंग शाबूत आहे की नाही हे कारागिरालाही ठामपणे सांगता येत नाही, म्हणून "साफ केलं की नव्यासारखी होईल" या वाक्याला किंमत देऊ नका.

लेन्स उन्हात ठेवायचा सल्ला हमखास मिळतो. उन्हाने बुरशीची वाढ थांबू शकते, पण बसलेलं जाळं जात नाही, डाग तर नाहीच. वर उष्णतेने आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं.

माझा हिशोब असा आहे. १८-५५ सारख्या किट लेन्सला आत फंगस असेल तर लेन्सची किंमत शून्य धरा, कारण उघडून साफ करायची मजुरी त्या लेन्सच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या घरात जाते. महागड्या लेन्सला फक्त पुढच्या किंवा मागच्या काचेच्या आतल्या बाजूला थोडा असेल तर साफसफाईचा अंदाज आधी घेऊन विचार करता येतो. मधल्या काचांवर असेल तर सोडा.

त्या ५० एमएमच्या लेन्समध्ये मधल्या काचेवर, अगदी मध्याजवळ, नखाएवढं जाळं होतं. गृहस्थांनी टॉर्चच्या उजेडात ते स्वतः पाहिलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला. लेन्स दोन पावसाळे कपाटात होती. आम्ही लेन्स बाजूला ठेवली आणि फक्त बॉडीची बोलणी सुरू ठेवली. बॉडी आणि लेन्सची किंमत वेगवेगळी काढायची सवय लावून घ्या. "सेट आहे, तोडून देणार नाही" असं म्हणणारा बहुतेक वेळा सेटमधली एखादी खराब वस्तू खपवत असतो.

४. सेन्सर: एफ/१६ ला भिंत

हातातली कुठलीही चांगली लेन्स बॉडीला लावा. मोड `A` किंवा `Av`, अ‍ॅपर्चर एफ/१६, आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवा. पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश फ्रेमभर घ्या आणि फोटो काढताना कॅमेरा थोडा हलवा. भिंतीवरचे डाग हलल्याने पुसले जातात, सेन्सरवरचे जागच्या जागी राहतात. फोटो स्क्रीनवर मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत फिरवून बघा.

एफ/१६ का? धूळ सेन्सरवर नसते, त्याच्या पुढच्या काचेवर असते. अ‍ॅपर्चर मोठं असेल तर उजेड चहूबाजूंनी येतो आणि धुळीची सावली विरून जाते. लहान अ‍ॅपर्चरला उजेड एका दिशेने येतो, सावली ठळक पडते. म्हणूनच विकणाऱ्याने एफ/२.८ ला काढून दाखवलेल्या फोटोत सेन्सर नेहमी स्वच्छ असतो.

ठिपके दिसले तर घाबरू नका, वापरलेल्या कॅमेऱ्यात ते असणारच. विकणाऱ्याची परवानगी घेऊन, मेनूतून साफसफाईसाठी आरसा वर उचलायचा पर्याय निवडा आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली करून ब्लोअरने हवा मारा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर आरसा मधेच खाली येतो. डब्यातली दाबलेली हवा वापरू नका, त्यातून थेंब उडतात. तोंडाने फुंकर तर मुळीच नको. एखादा ठिपका आत शोधायचा असेल तर लक्षात ठेवा: समोरून आत बघताना फोटोतलं वरचं खाली असतं, पण डावं डावीकडेच राहतं.

पुन्हा फोटो काढा. जे गेले ती धूळ. जे राहिले आणि गोल, कडेला गडद, मधे फिकट आहेत, ते तेलाचे थेंब. ते सेन्सर पुसायच्या ओल्या स्वॅबने निघतात, पण ते काम नवशिक्याने करू नये. तेल पुन्हा पुन्हा येत असेल तर मूळ शटरच्या भागात असतं. निकॉन डी६०० चं हे दुखणं इतकं गाजलं की २०१४ साली कंपनीने त्या मॉडेलची शटर मोफत बदलून दिली. आजही डी६०० घेत असाल तर शटर बदलल्याचा कागद मागा.

बारीक सरळ रेघ दिसली आणि हवेने हलली नाही, तर तो बहुधा चुकीच्या कापडाने पुसताना पडलेला ओरखडा. तिथे थांबायचं.

लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या कामातल्या कॅमेऱ्यांसाठी अजून एक तपासणी. लेन्सवर झाकण लावा, व्ह्यूफाइंडर हाताने झाका, आयएसओ ८०० ठेवून दहा सेकंदांचा फोटो काढा. इकडेतिकडे दोन-चार रंगीत ठिपके चालतात. पण आरपार गेलेली रंगीत उभी किंवा आडवी रेघ दिसली, आणि साध्या फोटोतही ती त्याच जागी असेल, तर सेन्सर जळलाय. डीजेसमोरच्या लेसरचा झोत थेट लेन्समध्ये शिरला की असं होतं. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना सेन्सर आरशामागे झाकलेला असतो, पण व्हिडिओला किंवा लाइव्ह व्ह्यूला, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना, तो उघडा असतो. मिररलेसमध्ये कॅमेरा चालू असताना जवळपास कायमच. जळलेला सेन्सर साफ होत नाही, आणि नवा बसवणं जुन्या बॉडीला परवडत नाही.

५. शटर: एकाच उजेडाचे तीन फोटो

आता शटर काउंटचा आकडा बाजूला ठेवा आणि शटर प्रत्यक्ष कसं चालतंय ते बघा. दिवसाच्या उजेडातली एकसारखी भिंत, मोड `M`, अ‍ॅपर्चर एफ/४, आणि हे तीन फोटो:

- १/१२५ सेकंद, आयएसओ १००
- १/१००० सेकंद, आयएसओ ८००
- १/४००० सेकंद, आयएसओ ३२००

उजेड जितका कमी केला तितकाच आयएसओ वाढवलाय, म्हणून तिन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. पहिलाच फोटो फार पांढरा किंवा काळा आला तर अ‍ॅपर्चर बदला, पण मग तिन्हीला तेच ठेवा. मिररलेस असेल तर मेनूतून शटर `Mechanical` करा, नाहीतर यांत्रिक शटरची परीक्षाच होत नाही.

शटरला दोन पडदे असतात. मंद वेगाला पहिला पूर्ण उघडतो, मग दुसरा मिटतो. १/४००० ला मात्र पहिला पडदा निघाल्याबरोबर दुसरा त्याच्या मागे धावतो आणि दोघांमधली बारीक फट सेन्सरवरून सरकत जाते. एखादा पडदा जरासा अडखळला तर फट कमी-जास्त होते आणि फोटोचा एक भाग काळवंडतो. १/१२५ ला तेच अडखळणं कळत नाही. उन्हात काळा पट्टा आणि घरात चांगला फोटो या तक्रारीचं कारण हेच. डी७५० च्या काही कॅमेऱ्यांत असा काळा भाग येतो हे निकॉनने २०१५ मध्ये मान्य केलं आणि नंतर अशा कॅमेऱ्यांच्या सीरियल नंबरांची यादी वाढवली. त्या मॉडेलसाठी ही परीक्षा चुकवू नका.

ट्यूब आणि एलईडी दिवे ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. जलद शटरला त्याचेच पट्टे फोटोत उमटतात आणि चांगलं शटर खराब वाटतं. दिवसा जायला सांगितलं ते यासाठी.

त्याच वेगाला पंधरा-वीस फोटो सलग मारा. आवाज शेवटपर्यंत एका लयीत हवा. मधे दम लागल्यासारखं झालं, आरसा वर अडकला, `Err` आलं, कॅननवर `Err 30` आलं, तर शटर जायच्या बेतात आहे.

६. तापल्यावर

आपलं कार्ड घालून व्हिडिओ चालू करा आणि पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. तोवर चहा घ्या, बिल बघा, बोलणी करा. आत बोर्डावर एखादा सांधा तडकलेला असेल तर धातू गरम होऊन प्रसरण पावला की तो सुटतो. थंड कॅमेऱ्यात हा दोष काही केल्या दिसत नाही. पाच मिनिटांच्या भेटीत झाकला जाणारा सगळ्यात मोठा दोष हाच. घाईत असलेल्या विकणाऱ्याला इतका वेळ द्यायचा नसेल तर दुसरा दिवस मागा.

व्हिडिओ थांबवल्यावर कॅमेरा गरम असतानाच प्रत्येक बटण, डायल, दोन्ही कार्ड स्लॉट आणि फ्लॅश तपासा. कार्ड घालून हलकं दाबा, डुगडुगलं आणि कार्ड ओळखेनासं झालं तर स्लॉट गेलाय.

७. फोकस

कॅमेरा टेबलावर टेकवून, लेन्सच्या सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला, वर्तमानपत्राच्या मथळ्यावर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून फोकस करून दोन फोटो काढा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि दुसरा मऊ, तर आरशाखालची फोकस यंत्रणा जुळलेली नाही. मग मेनूत `AF fine-tune`, कॅननमध्ये `AF Microadjustment` उघडा. तिथे आधीच्या मालकाने −१५, −१८ अशी किंमत साठवलेली दिसली तर त्याला हा दोष माहीत होता. मर्यादा २० आहे, म्हणजे पुढे सरकायला जागा उरलेली नाही, आणि अशा कॅमेऱ्याने बहुधा कधीतरी आपटी खाल्लेली असते. पाच-सात पर्यंतचा फरक लेन्सागणिक असतो, तो चालतो.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

बॉडी किंवा लेन्स स्वतः उघडू नका. फ्लॅश असलेल्या बॉडीत फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ राहतात. सेन्सरला बोट, कापड, इअरबड लावू नका. आतला फंगस, तेलाचे वारंवार येणारे थेंब, फोकसची जुळणी आणि शटर, ही चारही कामं कारागिराची.

महागाची बॉडी असेल, किंवा वरच्या तपासणीत काही अर्धवट संशय उरला असेल, तर विकणाऱ्याला घेऊनच सर्व्हिस सेंटर किंवा भरवशाच्या दुरुस्तीवाल्याकडे जा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या कॅमेऱ्यांच्या वस्तीत हे एका चकरेत होतं. कारागिराला "कॅमेरा चांगला आहे का" असं मोघम विचारू नका, तो काय सांगणार? आपले एफ/१६ चे आणि १/४००० चे फोटो दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: हा ठिपका स्वॅबने निघेल का, हे शटर बदलायचं झालं तर पार्ट मिळतो का, आणि ही बॉडी आतून भिजलेली वाटते का. तिसऱ्यासाठी त्याला तळाचं कव्हर उघडावं लागेल, तेव्हा विकणाऱ्याची परवानगी आणि तपासणीची फी दोन्ही आधी ठरवा. विकणारा कारागिराकडे यायलाच तयार नसेल तर तो कॅमेरा घेऊ नका.

त्या मुलाच्या बॉडीच्या सेन्सरवर ब्लोअरनंतर एक तेलाचा ठिपका उरला होता, शटरचे तिन्ही फोटो एकसारखे उजळ होते आणि व्हिडिओ वीस मिनिटं बिनतक्रार चालला. स्वॅबच्या साफसफाईची रक्कम वजा करून त्याने फक्त बॉडी घेतली. मूळ बिल, आणि सीरियल नंबर, तारीख, रक्कम व दोघांच्या सह्या असलेला साधा कागद करून घेतला. पैसे रोख न देता बँकेतून पाठवले.